प्रश्नासमोर भलतंच उत्तर: एफएक्यू स्लाइडमधल्या जोड्या सरकतात तेव्हा

प्रॉडक्ट डेकच्या शेवटाकडे ही स्लाइड हमखास असते. डावीकडे ग्राहक हटकून काढतो ते चार-पाच आक्षेप, उजवीकडे प्रत्येकाचं एक-दोन ओळींत उत्तर. बनवताना सगळं समोरासमोर बसलेलं असतं. मग कोणीतरी एका उत्तरात चार शब्द वाढवतं, एका ओळीच्या दोन ओळी होतात आणि त्याखालची सगळी उत्तरं एकेक ओळ खाली उतरतात. डावी बाजू मात्र जागची हलत नाही. आपण ओळी पुन्हा जुळवतो, पुढच्या आठवड्यात दुसरं कोणी दुसरं उत्तर बदलतं, आणि पुन्हा तेच.

मी गेली काही वर्षं विक्रीच्या टीमसाठी डेक बनवतो आणि हा एकच दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता तो मुळातून कसा काढायचा ते सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरण पॉवरपॉइंटचं घेतलं आहे. गूगल स्लाइड्समध्ये मेनू वेगळे आहेत, दुखणं तेच आहे आणि उपायही तोच.

नेमकं काय घडतं

गोदामातला साठा मोजायच्या सॉफ्टवेअरचा एक डेक होता. स्लाइडवर पाच आक्षेप होते: आमचं एक्सेलवर चाललंय की, गोदामात नेटवर्क नसतं, जुन्या नोंदी कोण भरणार, माणसांना शिकवायला वेळ नाही, उद्या सोडायचं ठरलं तर. डावीकडे एक टेक्स्ट बॉक्स, त्यात पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नानंतर एक रिकामी ओळ. उजवीकडे दुसरा टेक्स्ट बॉक्स, त्यात पाच उत्तरं, प्रत्येक उत्तर एका ओळीचं आणि मध्ये एक रिकामी ओळ. म्हणजे प्रश्न आणि उत्तरं दोन्हीकडे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या ओळीवर.

सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी विक्रीतल्या सहकाऱ्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात थोडी भर घातली. दोन्ही उत्तरं दोन-दोन ओळींची झाली. आता मोजून बघा. तिसरं उत्तर पाचव्याऐवजी सहाव्या ओळीवर सुरू झालं आणि सातव्यावर संपलं. चौथं उत्तर नवव्या ओळीवर गेलं. म्हणजे चौथ्या प्रश्नासमोर तिसऱ्या उत्तराचं शेपूट, पाचव्या प्रश्नासमोर चौथं उत्तर, आणि पाचवं उत्तर सगळ्यात खाली एकटं लोंबकळत. एका ओळीची सरक डोळ्यांना खटकते, कोणी ना कोणी ती पकडतं. दोन ओळींची सरक झाली की बरोबर एका जोडीचा फरक पडतो आणि स्लाइड पुन्हा नीटनेटकी दिसू लागते. म्हणूनच ती कोणाच्या लक्षात आली नाही.

बैठकीत पडद्यावर दिसत होतं: ‘उद्या सोडायचं ठरलं तर?’ आणि त्यासमोर ‘दोन तासांचं एक प्रशिक्षण पुरतं’. खरेदी विभागाच्या प्रमुख बाईंनी विचारलं, “म्हणजे सोडायचं असेल तर आधी प्रशिक्षण घ्यायचं का?” त्या चेष्टा करत नव्हत्या, समोर लिहिलेलं वाचत होत्या. सहकाऱ्याने तोंडी खुलासा केला, पण सगळ्यात नाजूक आक्षेपाचं उत्तर देताना आमचाच कागद आमच्या विरोधात बोलत होता. ते मला अजून लागून राहिलं आहे.

मूळ कारण एकच, रूपं तीन

या मांडणीत प्रश्न आणि त्याचं उत्तर ही जोडी फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते. फाइलच्या दृष्टीने तिथे दोन स्वतंत्र खोकी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. दुसऱ्या उत्तराची उंची वाढली हे तिसऱ्या प्रश्नाला कळायला काही मार्गच नसतो. आपण रिकाम्या ओळी मारून जे जुळवतो ते त्या क्षणाच्या मजकुरापुरतं जुळतं.

आपल्या स्लाइडवर हाच प्रकार आहे का, हे बघायला अर्धा मिनिट लागतो. उजवीकडच्या कोणत्याही उत्तरावर क्लिक करा. सगळ्या उत्तरांभोवती मिळून एकच चौकट उमटली तर जोड्या बांधलेल्या नाहीत. मग कर्सर पहिल्या उत्तराच्या शेवटी ठेवून खालचा बाण दाबा. कर्सर मध्ये रिकाम्या जागी थांबला तर तिथे एंटर मारून ओळ सोडलेली आहे. पॉवरपॉइंटमध्ये वर्डसारखी परिच्छेदाची चिन्हं दाखवायची सोय नाही, त्यामुळे या रिकाम्या ओळी अशाच चाचपून शोधाव्या लागतात.

दुसरं रूप जास्त फसवं आहे. प्रश्न आणि उत्तरं टेक्स्ट बॉक्सऐवजी लेआउटमधल्या तयार प्लेसहोल्डरमध्ये असली, म्हणजे ‘Two Content’ किंवा ‘Comparison’ हा लेआउट वापरलेला असला, तर मजकूर वाढल्यावर पॉवरपॉइंट तो आपणहून लहान करून चौकटीत बसवतं. हे प्रत्येक प्लेसहोल्डरपुरतं स्वतंत्रपणे होतं. उत्तरांची बाजू भरलेली असल्यामुळे ती आकसते, प्रश्नांची बाजू मोकळी असल्यामुळे तशीच राहते. फाइलच्या आत ते असं नोंदलेलं असतं:

```
<a:normAutofit fontScale="85000" lnSpcReduction="20000"/>
```

म्हणजे अक्षर 85 टक्क्यांवर आणलं आणि ओळींमधलं अंतर 20 टक्क्यांनी कमी केलं. दुसरा आकडा लोक विसरतात. दोन्ही बाजूंच्या अक्षरांचा आकार हाताने सारखा केला तरी ओळींमधलं अंतर वेगळं राहतं आणि जोड्या खाली जाता जाता थोड्या थोड्या निसटत जातात. पहिली जोडी जुळलेली, शेवटची अर्ध्या ओळीने चुकलेली, असं दिसलं की समजावं, हेच झालं आहे. खात्रीसाठी एकदा डाव्या मजकुरावर आणि एकदा उजव्या मजकुरावर क्लिक करून वरच्या फॉन्टच्या आकाराच्या चौकटीत बघा. एकीकडे 20 आणि दुसरीकडे 17 दिसलं, आणि ते 17 तुम्ही दिलेलं नसेल, तर प्रश्नच मिटला.

तिसरं रूप म्हणजे आपल्या यंत्रावर बरोबर आणि ग्राहकाच्या यंत्रावर चुकलेलं. देवनागरीत हे जास्त होतं. स्लाइड आपण ज्या फॉन्टमध्ये बनवली तो समोरच्याकडे नसेल तर त्याच्या जागी दुसरा घेतला जातो. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगल हा फॉन्ट नेमलेला असतो. मंगल आणि निर्मला यूआय यांत एकाच आकाराला ओळीची उंची आणि शब्दांची रुंदी सारखी नसते. आपल्याकडे एका ओळीत मावलेलं उत्तर तिकडे दोन ओळी घेतं, आणि पुढचं सगळं वर सांगितल्याप्रमाणे घडतं, तेही कोणी एक अक्षर बदललेलं नसताना.

दोन खोक्यांऐवजी टेबल

उपाय असा, की प्रत्येक जोडी टेबलची एक रांग करायची. डावा सेल प्रश्नाचा, उजवा सेल उत्तराचा. उत्तर वाढलं की त्या रांगेची उंची वाढते, ती दोन्ही सेलना लागू होते आणि खालच्या सगळ्या जोड्या जोडीनेच खाली सरकतात. जोडी आता फाइललाच माहीत असते.

टेबल म्हटलं की डिझाइनवाले नाक मुरडतात, कारण डोळ्यांसमोर निळ्या पट्ट्यांचं टेबल येतं. पट्ट्या काढता येतात. टेबल घातल्यावर `Table Design` मध्ये जाऊन `Header Row` आणि `Banded Rows` या दोन्ही खुणा काढा, शैली `No Style, No Grid` निवडा, मग सगळं टेबल निवडून `Borders` मधून फक्त `Inside Horizontal Border` द्या, फिकट करड्या रंगात. उभी रेघ नको. आडव्या रेघा मात्र ठेवाच, कारण उत्तर दोन ओळींचं असलं की एक जोडी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे त्या रेघेवरून कळतं. हे झाल्यावर ते टेबल आहे असं कोणाच्या मनातही येत नाही.

आता मापं. नेहमीची रुंद स्लाइड 33.87 सेंटिमीटर रुंद आणि 19.05 सेंटिमीटर उंच असते. शीर्षक आणि वरचा समास मिळून साधारण 3.4 सेंटिमीटर जातात, खाली 1.25 सोडावेत. उरले 14.4. पाच जोड्या असतील तर प्रत्येक रांगेला 2.88 सेंटिमीटर मिळतात. 20 पॉइंटच्या अक्षराची उंची 0.7 सेंटिमीटर, पण देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार-जोडाक्षरं सांभाळायची असल्यामुळे एक ओळ प्रत्यक्षात 0.95 सेंटिमीटरच्या आसपास जागा खाते, मंगलमध्ये त्याहून जास्त. सेलच्या आत वर आणि खाली प्रत्येकी 0.13 सेंटिमीटर समास असतो. दोन ओळींचं उत्तर साधारण 2.2 सेंटिमीटरमध्ये आरामात बसतं. तीन ओळींचं 3.1 मागतं आणि रांग फुगते.

या हिशेबातून स्लाइडचा नियम आपोआप निघतो: पाच जोड्या, कोणतंही उत्तर दोन ओळींच्या वर नाही. एखाद्या उत्तराला तीन ओळी लागल्या तर टेबल पाव सेंटिमीटरने खाली वाढेल आणि खालच्या समासात ते खपून जाईल. पाचही उत्तरं तीन ओळींची झाली तर टेबल स्लाइडच्या काठापर्यंत जाऊन भिडेल, आणि मंगलमध्ये असेल तर बाहेरच जाईल. टेबलमधला मजकूर प्लेसहोल्डरसारखा आपोआप लहान होत नाही. मला हा टेबलचा गुण वाटतो. मजकूर जास्त झाला की तो लपत नाही, बाहेर पडताना दिसतो, आणि मग कापावाच लागतो.

रुंदी निम्मी-निम्मी ठेवू नका. दोन्ही बाजूंना 1.6 सेंटिमीटर सोडले तर टेबलला 30.6 मिळतात. त्यातले 11 प्रश्नाला आणि उरलेले 19.6 उत्तराला द्या. 20 पॉइंटमध्ये उत्तराच्या एका ओळीत साधारण दहा मराठी शब्द बसतात. प्रश्न चार-पाच शब्दांचा असतो, तो 11 सेंटिमीटरमध्ये एका ओळीत मावतो. निम्म्या रुंदीत उत्तरं उगाच तीन ओळींवर जातात आणि डावीकडे अर्धा सेल रिकामा राहतो.

पुढची गोष्ट बारीक आहे, पण टेबल करूनही काही स्लाइड तिरप्या दिसतात त्या याच कारणाने. `Layout` मध्ये दोन्ही स्तंभांना `Align Top` द्या. मध्यावर ठेवलं तर एका ओळीचा प्रश्न दोन ओळींच्या उत्तराच्या मधोमध येतो आणि वाचणाऱ्याची नजर प्रश्नावरून आडवी गेली की उत्तराच्या दोन ओळींच्या फटीत जाऊन पडते. वर जुळवलं की प्रश्नाची ओळ आणि उत्तराची पहिली ओळ एका रेषेत येतात. पण तेही दोन्हीकडे अक्षराचा आकार एकच असेल तरच. प्रश्न 22 आणि उत्तर 18 ठेवलं तर दोन्ही सेलचे माथे जुळतात, शिरोरेषा जुळत नाहीत. लॅटिन लिपीत हा फरक चटकन कळत नाही. देवनागरीत प्रत्येक शब्दावर आडवी रेघच असते, त्यामुळे शेजारच्या दोन सेलमधल्या शिरोरेषा थोड्याही वरखाली असल्या की लगेच दिसतं. प्रश्न वेगळा उठून दिसावा म्हणून आकार वाढवू नका. त्याला ठळक करा किंवा रंग द्या, आकार दोन्हीकडे 20 च ठेवा. फॉन्टही एकच. ठळकपणा त्याच फॉन्टच्या कुटुंबातला असू द्या.

सगळं बसलं की पाचही रांगा निवडून `Height` मध्ये 2.88 टाइप करा. मजकूर कमी केल्यावर किंवा अक्षर लहान केल्यावर फुगलेली रांग बऱ्याचदा आपणहून खाली येत नाही, तेव्हा हाच आकडा पुन्हा टाइप करायचा. आकडा टाकूनही रांग 2.88 वर आली नाही, तर त्या रांगेतलं उत्तर तीन ओळींचं आहे.

दोन ओळींत बसत नाही म्हणजे काय चुकतंय

इथपर्यंतचं काम वीस मिनिटांचं आहे. खरा वेळ पुढे जातो. ‘आमचं उत्तर दोन ओळींत बसूच शकत नाही’ अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा मी आधी ते उत्तर समोरच्या प्रश्नाचंच आहे का ते तपासतो. बहुतेक वेळा नसतं. मांडणीतली जोडी टेबलने बांधता येते, अर्थाची जोडी लिहिणाऱ्यालाच बांधावी लागते.

त्याच डेकच्या अगदी पहिल्या मसुद्यात पहिलं उत्तर असं होतं: ‘आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आधारित, सुरक्षित, वेगवान असून एक्सेलच्या तुलनेत चुका मोठ्या प्रमाणावर कमी करतं आणि व्यवस्थापनाला त्वरित अहवाल देतं.’ प्रश्न काय होता? आमचं एक्सेलवर चाललंय की. असं म्हणणारा माणूस अहवाल मागत नाहीये. ज्या फाइलवर त्याचा हात बसला आहे ती कोणी काढून घेणार का, एवढंच त्याला बोचतंय. त्याच्यासमोर गुणांची यादी वाचली की त्याला वाटतं, हो, काढून घेणार. मी सहकाऱ्याला विचारलं, “खरंच एक्सेल बंद करावं लागतं का?” तो म्हणाला, “नाही हो, रोजचा साठा एक्सेलमध्येच उतरवून देतो आपण.” मग तेच उत्तर होतं आणि ते स्लाइडवर कुठेच नव्हतं.

दुसरं उदाहरण ‘गोदामात नेटवर्क नसतं’ याचं. त्यावर लिहिलं होतं, ‘ऑफलाइन मोड उपलब्ध.’ तीनच शब्द, बसतात छान, पण उत्तर अर्धं आहे. विचारणाऱ्याच्या मनातला पुढचा प्रश्न असतो की मग नोंदी जातात कुठे. सहकाऱ्याने तीच भर त्या संध्याकाळी घातली होती आणि ती योग्यच होती. चूक भर घालण्यात नव्हती, स्लाइड ती पेलू शकत नव्हती.

सगळं पुन्हा लिहिल्यावर स्लाइड अशी झाली:

| आक्षेप | उत्तर |
|---|---|
| आमचं एक्सेलवर चाललंय की. | चालू द्या. रोजचा साठा तुमच्या एक्सेलमध्येच उतरतो. बदलते ती फक्त मोजणी. |
| गोदामात नेटवर्क नसतं. | नसलं तरी मोजणी होते. नोंदी यंत्रात राहतात, नेटवर्क मिळालं की वर जातात. |
| जुन्या नोंदी कोण भरणार? | आम्ही. वस्तूंची यादी तुम्ही द्यायची, चढवलेली तपासून मंजूर तुम्हीच करायची. |
| माणसांना शिकवायला वेळ नाही. | दोन तास लागतात, एकदाच. मोजणीच्या आदल्या दिवशी, तुमच्याच गोदामात. |
| उद्या सोडायचं ठरलं तर? | सगळ्या नोंदी एक्सेल फाइलमध्ये मिळतात. त्यानंतर आमच्याकडे काही राहत नाही. |

वरची ‘आक्षेप’ आणि ‘उत्तर’ ही डोकी इथे वाचायच्या सोयीसाठी आहेत, स्लाइडवर ती नव्हती.

इथे दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे प्रत्येक उत्तराचं पहिलं वाक्य किंवा पहिला शब्दच निकाल सांगतो: चालू द्या, आम्ही, दोन तास. पाठीमागच्या खुर्चीवरून स्लाइड बघणारा माणूस उजवीकडचे पहिले दोन-तीन शब्दच वाचतो. तेवढ्यात त्याला हो की नाही, कोण, किती हे मिळालं पाहिजे. दुसरी म्हणजे डावी बाजू ग्राहकाच्या तोंडची आहे. आमच्या आधीच्या डेकमध्ये तिथे ‘विद्यमान प्रणालीशी सुसंगतता’ आणि ‘प्रशिक्षणाचा कालावधी’ असली शीर्षकं होती. शीर्षकाला कोणी उत्तर देत नाही, त्याखाली माहिती भरतो, म्हणून उत्तरं फुगतात. बोलल्यासारखा आक्षेप लिहिला की उत्तरही बोलल्यासारखं आणि तेवढंच निघतं. विक्रीतल्या माणसाला ‘बैठकीत ते नेमकं काय म्हणाले’ असं विचारून तेच शब्द डावीकडे उतरवायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

तिसऱ्या उत्तरात ग्राहकावर एक काम टाकलं आहे. ते लपवायचा मोह होतो. पण यादी त्यांनाच द्यावी लागणार आहे आणि हे त्यांना सही केल्यानंतर कळण्यापेक्षा या स्लाइडवर कळलेलं बरं. ज्या आक्षेपाला खरोखर चांगलं उत्तर नाही तो मात्र या स्लाइडवर घेऊ नका. दोन ओळींत गुळमुळीत बोलल्यासारखं दिसतं. तो समोरासमोर बोलण्याचा विषय आहे.

जोडी अर्थाने बांधली आहे का हे तपासायची एक सोपी रीत आहे. पाच उत्तरं वेगळ्या कागदावर उलटसुलट क्रमाने लिहून, डेक न पाहिलेल्या माणसाला प्रश्नांशी जोडायला द्या. तो एखाद्या उत्तरापाशी अडखळला तर ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे किंवा कोणत्याच नाही. वरचं ‘क्लाउडवर आधारित, सुरक्षित, वेगवान’ हे उत्तर आमच्या नवीन सहकारी मुलीने पाचही प्रश्नांसमोर ठेवून बघितलं आणि म्हणाली, “हे कशालाही चालेल.” ते काढायला मला तेवढं पुरलं.

डेक बाहेर पाठवण्याआधी

बदल पुन्हा होणारच आहेत, म्हणून स्लाइड मुद्दाम मोडून बघायची. फाइलची प्रत घ्या, दुसऱ्या उत्तरात दहा-बारा निरर्थक शब्द भरा. ती रांग वाढून खालच्या तिन्ही जोड्या जोडीने उतरल्या तर बांधणी पक्की आहे. एखादी जोडी फुटली तर तिथे कोणीतरी टेबलवर सुटा टेक्स्ट बॉक्स ठेवलेला आहे. `Alt+F10` दाबलं की `Selection Pane` उघडतो आणि स्लाइडवर काय काय पडलं आहे त्याची यादी दिसते. तिथे शीर्षक आणि टेबल, एवढंच असलं पाहिजे.

फॉन्टसाठी `Replace Fonts` ची चौकट उघडून फाइलमध्ये कोणते फॉन्ट आहेत ते बघा. दोनच्या वर देवनागरी फॉन्ट दिसले तर कुठेतरी दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेला मजकूर आहे. विंडोजवर उघडली जाणार असेल तर निर्मला यूआय सुरक्षित, तो विंडोज 8 पासून सोबतच येतो. वेगळा फॉन्ट हवाच असेल तर `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` ची खूण करा, पण फॉन्टच्या परवान्यात मुभा असेल तरच तो फाइलमध्ये जातो. मी डेकसोबत पीडीएफही पाठवतो. त्यात ओळी जशा तुटल्या तशाच राहतात.

टेबलचा एक फायदा मला उशिरा कळला. आमच्या एका ग्राहकाकडचे गृहस्थ स्क्रीन रीडर वापरतात. दोन खोक्यांच्या स्लाइडवर त्यांना आधी पाचही प्रश्न ऐकू यायचे आणि मग पाचही उत्तरं, कुठलं कशाचं ते त्यांनीच लक्षात ठेवायचं. टेबलमध्ये वाचन रांगेने होतं: प्रश्न, लगेच त्याचं उत्तर.

टेबल जिथे चालत नाही

एक अडचण खरी आहे. पॉवरपॉइंटमध्ये टेबल हा एकच घटक असतो, त्यामुळे त्याच्या रांगा एकामागून एक आणायचं ॲनिमेशन देता येत नाही. बोलणाऱ्याला एकेक आक्षेप उघडत जायचा असेल तर दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे स्लाइडच्या पाच प्रती करायच्या आणि पहिल्या प्रतीत एका जोडीचा, दुसरीत दोन जोड्यांचा मजकूर गडद ठेवून बाकीचा पार्श्वभूमीच्या रंगाचा करायचा. जागा कुठेच बदलत नाही. पण नंतर उत्तर बदललं तर पाचही प्रतींत बदलावं लागतं, म्हणून हे मजकूर पक्का झाल्यावरच करा. आणि रंगाने लपवलेला मजकूर स्क्रीन रीडरला ऐकू येतो आणि पीडीएफमध्ये कॉपी करता येतो, हे ध्यानात ठेवा. वाचायला पाठवायच्या डेकमध्ये शेवटची, पूर्ण दिसणारी प्रतच ठेवा.

दुसरी वाट म्हणजे प्रत्येक जोडीचे दोन बॉक्स `Ctrl+G` ने एकत्र बांधून पाच गट करायचे आणि प्रत्येक गटाला ॲनिमेशन द्यायचं. यात जोडी फुटत नाही, पण एक उत्तर वाढलं तर खालचे गट आपोआप सरकत नाहीत, वाढलेलं उत्तर त्यांच्यावर चढतं. म्हणून प्रत्येक गटाला दोन ओळींची पूर्ण जागा आधीच द्यावी लागते आणि दोन्ही बॉक्सना `Format Shape` मध्ये `Do not Autofit` निवडावं लागतं, नाहीतर बॉक्सची उंची आपोआप बदलते किंवा आकसण्याचं दुसरं रूप मागच्या दाराने परत येतं.

टीममध्ये सगळ्यांनी हेच टेबल वापरावं असं वाटत असेल तर टेबलच्या शैलीवर उजवं क्लिक करून `Set as Default` करता येतं. ते त्या फाइलपुरतं लागू होतं. स्तंभांची रुंदी आणि रांगांची उंची मात्र त्यात साठवली जात नाही. लेआउटमध्ये टेबलचा प्लेसहोल्डर घालता येतो, पण तो रिकामाच उघडतो आणि रांगा-स्तंभ प्रत्येकाने नव्याने निवडायचे असतात. त्यामुळे आम्ही साच्याच्या फाइलमध्ये भरलेली एक एफएक्यू स्लाइड ठेवली आहे, पाच जोड्या, 11 आणि 19.6 सेंटिमीटर, 20 पॉइंट. नवीन डेक करणारा ती उचलतो आणि सेलमधला मजकूर बदलतो. सहावी जोडी हवी असेल तर शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबला की नवीन रांग येते, आणि टेबल लगेच खालच्या समासावर चढलेलं दिसतं. तेव्हा कोणती जोडी काढायची यावर बोलणं होतं, अक्षर लहान करण्यावर नाही.